सोयाबीन बियाणे वेबिनारनंतरचे निरोप: हजर असलेल्यांना वेगळा, न आलेल्यांना वेगळा

हजर असलेल्यांना (रविवार, २५ मे, सकाळी ७)

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो,

काल संध्याकाळी तुम्ही सव्वा तास वेळ काढून बसलात, मनापासून आभार. रेकॉर्डिंग याच मेसेजखाली पाठवतो आहोत. रेंज गेल्यामुळे ज्यांना मधूनच बाहेर पडावं लागलं, त्यांनी ४१ व्या मिनिटापासून पुढे ऐका. बीजप्रक्रियेचा क्रम तिथे आहे.

वेळ संपल्यामुळे तीन प्रश्न राहून गेले होते. त्यांची उत्तरं अशी:

*वाकडे, तुटके कोंब मोजायचे का?* नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं मोजा. नुसता फुगलेला किंवा बुरशी धरलेला दाणा उगवला असं धरू नका. आकडा फुगतो तो इथेच, आणि मग शेतात नांग्या पडतात.

*बुरशीनाशक आणि रायझोबियम एकत्र कालवलं तर चालेल का?* चालणार नाही, बुरशीनाशकाने जिवाणू मरतात. आधी कार्बोक्झिन ३७.५ + थायरम ३७.५ टक्के डीएस, किलोला ३ ग्रॅम. हे पेरणीच्या काही दिवस आधी उरकून ठेवता येतं. रायझोबियम आणि पीएसबी मात्र पेरणीच्या दिवशीच, तास-तीन तास आधी, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. मग सावलीत सुकवा. एकरी ३० किलोचा हिशेब केला तर बुरशीनाशक ९० ग्रॅम आणि जिवाणूंची २५० ग्रॅमची पाकिटं प्रत्येकी तीन लागतात. हाताने चोळू नका. सोयाबीनची साल इतकी पातळ असते की ती सुटली की दाणा गेलाच.

*प्रक्रिया केलेलं बियाणं उरलं तर?* ते खाण्यात, जनावरांच्या पेंडीत किंवा बाजारात अजिबात जाऊ देऊ नका. घरात मुलं असतील तर पोतं कुलपात ठेवा.

आता तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आजच गोणपाटावर १०० दाणे लावा आणि रविवारी, १ जूनला, वाण आणि आकडा इथेच कळवा. उदाहरणार्थ: «जेएस ३३५ – ७३». दोन वाण असतील तर दोन आकडे. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो पुरे; ६५ आले तर साधारण साडेबत्तीस किलो, ६० आले तर ३५. त्याखाली आले तर ते बियाणं पेरू नका, आम्हाला फोन करा. दुसरं बियाणं बघायला वेळ आहे. सोमवारी, २ जूनला, सगळ्यांची जिवाणू पाकिटं एकदम मागवायची आहेत, म्हणून आकडा रविवारी रात्रीपर्यंत हवा.

– बियाणे गट, आपली शेतकरी उत्पादक कंपनी

न आलेल्यांना (रविवार, २५ मे, संध्याकाळी ७)

नमस्कार,

काल सोयाबीन बियाण्याच्या वेबिनारला तुमचं नाव होतं, पण भेट झाली नाही. मशागतीचे दिवस, त्यात संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही, हे आम्ही जाणतो. अजून काही चुकलेलं नाही.

सगळं ऐकायला वेळ नसेल तर एवढं करा. घरच्या बियाण्यातून, न निवडता, १०० दाणे घ्या. पोत्याच्या वरचेच घेऊ नका, मधले आणि तळचेही घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, हलक्या हाताने गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळेल इतकं नको. साचलेल्या पाण्यात चांगला दाणाही कुजतो. सातव्या दिवशी उघडून धड रोपं मोजा. ७० च्या खाली आली तर पेरणीचं प्रमाण बदलावं लागतं, आणि ते पाऊस पडल्यावर कळून उपयोग नाही.

हेच प्रात्यक्षिक बुधवारी, २८ मेला, रात्री ८ वाजता पुन्हा घेतो आहोत, फक्त ३० मिनिटं. येणार असाल तर या मेसेजला «१» लिहून पाठवा. जमणार नसेल तर «२» पाठवा, गोणपाटाचा सहा मिनिटांचा तुकडा तेवढा पाठवू. साध्या नेटवरही चालतो. दोन्हीही नको असेल तर काही कळवू नका, याबद्दल परत मेसेज येणार नाही.

– बियाणे गट, आपली शेतकरी उत्पादक कंपनी

फक्त «१» पाठवलेल्यांना (बुधवार, २८ मे, संध्याकाळी ६)

आज रात्री ८ वाजता. जमलं तर १०० दाणे आणि गोणपाटाचे दोन तुकडे जवळ घेऊन बसा, सोबतच लावू. लिंक खाली आहे.