लघुप्रबंधाच्या शीर्षकाविषयी टिपण

प्रिय विद्यार्थिनीस,

तुमचा मसुदा वाचला. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका’ हे शीर्षक मात्र बदलावे लागेल. तुम्ही जुन्नर तालुक्यातील दोन गावांतल्या ६४ सभासदांच्या मुलाखती घेतल्या आहेत. मेळघाटातील सभासदाविषयी त्यांतून काहीच सांगता येत नाही. ‘सक्षमीकरण’ हा शब्द याहून अडचणीचा आहे, कारण घरातील निर्णय, मालमत्तेवरील हक्क, ग्रामसभेतील सहभाग हे सारे त्यात येते, आणि तुमच्या प्रश्नावलीत कर्ज कशासाठी घेतले, ते कोणी वापरले व कोणाच्या कमाईतून फेडले, एवढेच विचारले आहे. ‘भूमिका’ म्हटले की कार्यकारणसंबंध सूचित होतो. गटाबाहेरील स्त्रियांशी तुलना केलेली नसल्यामुळे तो तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

‘बचत गटांतील अंतर्गत कर्जाचा वापर आणि परतफेड : जुन्नर तालुक्यातील दोन गावांचा अभ्यास’ असे शीर्षक मी सुचवतो. कर्ज पत्नीच्या नावावर आणि पैसा पतीच्या हातात, हे तिसऱ्या प्रकरणातील तुमचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. या शीर्षकाखाली ते झाकले जाणार नाही. उद्दिष्टे आणि गृहीतके त्यानुसार बदलून सोमवारी घेऊन या. शीर्षकबदलाचा अर्ज त्यानंतरच द्यावा.

आपला,
मार्गदर्शक