तारीख नव्हती, शुभेच्छा मात्र दोन दिवस आल्या

यंदाही कॅलेंडरने मला गाळलं. शनिवारी २८ फेब्रुवारी होती, रविवारी उठले तर १ मार्च. माझी २९ तारीख आता थेट २०२८ मध्ये. त्यामुळे मला शुभेच्छा द्यायच्या म्हणजे आधी तुम्हालाच डोकं चालवावं लागतं, की नेमक्या कधी द्यायच्या? इतरांचा वाढदिवस फोन आठवण करून देतो, माझ्या बाबतीत फोनही गोंधळतो. तरीही तुम्ही एवढ्या जणांनी आठवण ठेवलीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. 'आपण दिलेल्या शुभेच्छांचा मनःपूर्वक स्वीकार' वगैरे मला जमणार नाही. ती भाषा सत्काराला ठीक आहे, तुमच्याशी मी तशी कधी बोलले आहे का?

तर, तुमच्यात सरळ दोन पक्ष पडलेत. २८ वाल्यांचं म्हणणं, फेब्रुवारीत जन्मलीस तर वाढदिवसही फेब्रुवारीतच. १ मार्चवाले म्हणतात, २८ ला तू जन्मलीच नव्हतीस, मग शुभेच्छा कुणाला द्यायच्या? दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही दिवशी शुभेच्छा घ्यायला मला काहीच अडचण नाही. वहिनी आणि मावशी यांच्यात यावरून फॅमिली ग्रुपवर जे रंगलं ते मी एक शब्दही न बोलता वाचत बसले होते. मजा आली.

तिसरा पक्ष एकट्या दादाचा. त्याने शनिवारी रात्री बाराला दोन मिनिटं कमी असताना फोन केला आणि म्हणाला, "काही बोलू नकोस, थांब." मी थांबले. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग घाईघाईत "हॅपी बर्थडे, हॅपी बर्थडे, हॅपी बर्थडे" आणि "झालं, बारा वाजले, आता झोप." फोन बंद! २८ संपता संपता आणि १ लागता लागता जी काही फट असते ती माझी, असा त्याचा लहानपणापासूनचा हिशेब आहे. दादा, तू आता दोन पोरांचा बाप आहेस, तरी हे सोडू नकोस.

आत्याने व्हॉइस मेसेज पाठवला. सुरुवातीला बराच वेळ "हॅलो... हॅलो... अगं हे लाल झालंय, म्हणजे चालू आहे ना?" मग काकांचा आवाज, "बोल की, चालूच आहे." मग आत्या काकांवर थोडी चिडली, त्यांनी टीव्ही बारीक केला, आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "सुखात राहा गं बाळा." आत्या, शेवटचं वाक्य छानच आहे, पण मी परत परत ऐकते ते आधीचं भांडण. पुढच्या वेळी नीट रेकॉर्ड करायच्या भानगडीत पडू नकोस.

मामांनी नेहमीप्रमाणे माहिती दिली. माजी पंतप्रधान मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे, म्हणजे माझेच तारीखबंधू. (मराठी घरात हे नाव निघालं की चर्चा कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तो विषय इथे नको.) पण मामांचा मुद्दा मला खरंच नवा होता. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे मोरारजींच्या आयुष्यातली पहिली २९ फेब्रुवारी उगवली ती थेट १९०४ मध्ये, ते आठ वर्षांचे झाले तेव्हा. चार वर्षं वाट बघावी लागते म्हणून मी कुरकुर करायचे, ती आता बंद. भाच्याने लगेच खाली भर टाकली की शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेनेही भागलं गेलं तरच लीप, त्यामुळे २००० होतं पण २१०० नसेल, "तेव्हा मावशी, तू ११६ ची होशील त्या वर्षी पार्टी मागू नकोस." बरं. नोंद घेतली.

'तू अजून दहाच वर्षांची' हा विनोद यंदा किती जणांनी केला ते मोजलं नाही. सगळ्यांना हसरा चेहरा पाठवलाय. विनोद जुना आहे, पण करणाऱ्याला दर वेळी तो आत्ताच सुचलेला असतो, हे मला फार आवडतं.

नुसतं 'एचबीडी' लिहिणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्यातली एक जण रात्रपाळी संपवून बसची वाट बघत उभी होती, हे मला माहीत आहे. तीन अक्षरं पुष्कळ झाली.

आता एक जरा वेगळं. एका मैत्रिणीशी माझं बरेच महिने बोलणं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नाही, खरं तर आता नीट आठवतही नाही. दोघीही 'तिने आधी बोलावं' म्हणून अडून बसलेल्या. शनिवारी सकाळी तिचा मेसेज आला: "वाढदिवसाच्या शुभेच्छा. तू २८ धरतेस की १, विसरले. म्हणून उद्याही पाठवेन." मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी नुसतं "थँक्यू गं" पाठवलं. रविवारी सकाळी खरंच दुसरा मेसेज आला. तोच मजकूर, फक्त 'उद्याही' च्या जागी 'आजही'. मग मी सरळ फोनच लावला. काय बोललो ते आमच्यापाशीच राहू दे. पण तारीख नसण्याचा एवढा फायदा मला आजवर कधी झाला नव्हता.

आणखी पुष्कळ जण आहेत. माझा शाळेतला फोटो शोधून टाकणारे (त्या दोन वेण्यांबद्दल वेगळं बोलू), दोन्ही दिवस विसरून आज सोमवारी "उशिरा का होईना" म्हणणारे, आणि ऑफिसातला तो सहकारी ज्याने शुभेच्छा देऊन पुढच्याच ओळीत विचारलं, "ती फाइल बघितलीस का?" बघितली. दुपारपर्यंत पाठवते.

कुणाला उत्तर द्यायचं राहिलं असेल तर ते नजरचुकीने. दोन दिवसांचे मेसेज एकमेकांवर चढलेत आणि मी वरून खाली एकेक वाचत, लिहीत चालले आहे. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे वेळ लागेल. तुमचं उत्तर बुधवारी आलं तर बुधवारचं समजून घ्या. आणि २०२८ ची २९ फेब्रुवारी मंगळवारी आहे, तेव्हा सुट्टीचे अर्ज आत्तापासून मनात धरून ठेवा. त्या दिवशी २८ की १ हा वाद कुणी काढायचा नाही.

आणि सातवीतल्या बाकावरच्या माझ्या शेजाऱ्या, "शुभेच्छा, आणि माझी कंपासपेटी अजून तुझ्याकडे आहे" असं तू जाहीरपणे लिहिलंस. पेटी आहे. कर्कटक हरवलंय, कोनमापकावर तुझं नाव अजून वाचता येतं. पत्ता कळव, पाठवते.