निष्कलंक मातेची नोव्हेना: आपल्या शेजाराची आखणी

प्रभूच्या प्रिय भावंडांनो,

८ डिसेंबरला क्वार्टर गेटच्या सिटी चर्चचा सण. त्यासाठी २९ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर रोज संध्याकाळी साडेसातला घरोघरी नोव्हेना करू. पहिली संध्याकाळ आमच्याकडे. प्रभू स्वर्गात गेल्यावर शिष्य मारियेसह एकदिलाने प्रार्थनेत राहिले (प्रेषितांची कृत्ये १:१४) आणि पेन्टेकॉस्टला पवित्र आत्मा उतरला. नऊ दिवसांची रीत तिथूनच.

रोजचा क्रम: क्रुसाची खूण, त्या दिवसाचा हेतू, छोटे शास्त्रवाचन, दोन मिनिटे शांतता, रोझरीची पाच रहस्ये, शेवटी खालची प्रार्थना. अर्ध्या तासात आटपते. गाणे म्हणायचे तर एकच. शेजारी मुलांची परीक्षा असते.

हेतूबद्दल जरा सविस्तर. प्रत्येकाने मनात एकच हेतू धरावा आणि नऊही दिवस तोच ठेवावा. तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. "सगळे चांगले होऊ दे" यात मागणेच नाही. "भावाशी बोलणे सुरू करायचे धैर्य दे" यात आहे, आणि आपल्याला काय करायचे तेही कळते. नोकरी, लग्न, आजार, सगळे मागा, पण कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कंपनीत, ते देवाला सांगू नका. कोणाचे वाईट व्हावे असा हेतू नोव्हेनात बसत नाही. दुसऱ्याचे आजारपण किंवा घरातले भांडण त्याला न विचारता नावानिशी मोठ्याने सांगू नये. "एका कुटुंबासाठी" एवढे पुरे.

सामूहिक हेतू असे: पहिल्या दिवशी देवाला होकार देण्याची कृपा (लूक १:२६-३८). दुसऱ्या दिवशी संसारातली उणीव, वाचन काना गावच्या लग्नाचे (योहान २:१-११). तिसऱ्या दिवशी ससूनमधले रुग्ण आणि परिचारिका. चौथ्या दिवशी शिकायला पुण्यात आलेली, खोली करून राहणारी मुले. पाचव्या दिवशी बेरोजगार, सहाव्या दिवशी एकटे राहणारे वृद्ध, सातव्या दिवशी मृतात्मे (योहान १९:२५-२७). आठव्या दिवशी ज्यांच्याशी आपले पटत नाही ते. नववा दिवस फक्त आभाराचा, मागणे मिळो वा न मिळो.

एखादा दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, पुढे चालू ठेवा. "नऊ प्रती वाटा, नाहीतर अनिष्ट होईल" अशा चिठ्ठ्या येतात, त्या सरळ फाडा. ख्रिस्तसभेची ती शिकवण नाही.

रोजची प्रार्थना

हे निष्कलंक माते, देवाने तुला पहिल्या क्षणापासून पापापासून राखले. आमचा हेतू आम्ही तुझ्या हाती देतो. (शांतपणे हेतू आठवावा.) तुझ्या पुत्राच्या इच्छेत बसत असेल तर तो आमच्यासाठी माग, बसत नसेल तर त्याची इच्छा स्वीकारण्याचे बळ आम्हांला मिळवून दे. आमेन.

एक "आमच्या स्वर्गातील बापा", तीन "नमो मारिया", एक "पित्याला गौरव". मग तीनदा: हे निष्पाप गर्भसंभव मारिये, तुझा आश्रय घेणाऱ्या आम्हांसाठी विनंती कर.

सणाआधी प्रत्येकाने पापनिवेदन करावे. ज्या घरी प्रार्थना असेल त्यांनी मेणबत्ती आणि मातेची तसबीर ठेवावी. खाण्यापिण्याचे काही करू नये.