परफॉर्मन्स मार्केटिंग, नाशिक | रिअल इस्टेट, शेती इनपुट, क्लिनिक

नऊ वर्षं झाली नाशिकमध्येच मार्केटिंग करतेय. सुरुवात कॉलेज रोडच्या एका छोट्या एजन्सीत, तिथे पेपरात पॅम्प्लेट टाकण्यापासून सगळं केलं, आता बहुतेक काम गुगल आणि फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातींचं. क्लायंटची नावं इथे टाकत नाही, भेटलात तर त्यांना विचारून अ‍ॅड अकाउंट उघडून दाखवते. खालचे खर्च जीएसटी आणि माझी फी सोडून आहेत.

पाथर्डी फाट्याजवळचा टू-बीएचके प्रोजेक्ट, ४ महिने, एकूण ६.४० लाख. त्यात गुगल सर्च २.६०, फेसबुक-इन्स्टा २.३०, दोन होर्डिंग १.५०. लीड आल्या १,१४२, ऐकायला भारी वाटतं पण त्यातल्या निम्म्या लोकांनी फोनच उचलला नाही, साइटवर आले १३१ आणि बुकिंग झाली १४. म्हणजे एका बुकिंगला साधारण ४५,७०० रुपये. त्या काळात बिल्डरची एकूण बुकिंग १९ होती, पण ५ जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून आली, ती मी माझ्या खात्यात धरत नाही. फेसबुकने ८७४ लीड दिल्या आणि ५ बुकिंग, गुगलने फक्त २६८ लीड आणि ९ बुकिंग, त्यामुळे आता कोणी नुसती 'पर लीड कॉस्ट' विचारली की मी आधी हा हिशोब दाखवते. होर्डिंगचं खरं सांगायचं तर मोजता आलं नाही, साइटवर 'कुठून कळलं' विचारलं की लोक काहीही सांगतात.

द्राक्षाच्या औषध-खतांची एक कंपनी, दिंडोरी-निफाड पट्टा, ऑक्टोबर छाटणीच्या आधीचे ६ आठवडे, बजेट २.२५ लाख. इथे माझी चूक झाली. पहिले ६० हजार फेसबुक लीड फॉर्मवर घातले, ४१२ नंबर मिळाले आणि जवळजवळ सगळ्यांना फुकट सॅम्पल हवं होतं, विक्री शून्य. तिसऱ्या आठवड्यात ते बंद केलं आणि उरलेले १.६५ लाख कृषी सेवा केंद्रांमार्फत व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ आणि गावातल्या छोट्या मेळाव्यांवर वळवले. २३ नवीन दुकानांनी माल ठेवला, १६ जणांनी सीझनमध्येच दुसरी ऑर्डर दिली. छाटणी सुरू झाल्यावर शेतकऱ्याला मोबाइल बघायला वेळ नसतो, हे मला बागेत जाऊन कळलं, डॅशबोर्डवर नाही दिसलं.

गंगापूर रोडचं डेंटल क्लिनिक, महिन्याला २५ हजार, गुगल सर्च आणि मॅपवरचं प्रोफाइल. ५ महिन्यांत नवीन पेशंट महिन्याला ३८ वरून ६१. यातलं बरंचसं श्रेय रिसेप्शनवरच्या ताईंना, मिस्ड कॉलला १० मिनिटांत परत फोन करायची सवय त्यांनी लावून घेतली.

एका वेळी ४ पेक्षा जास्त क्लायंट घेत नाही. महिन्याचं जाहिरात बजेट २० हजारांच्या खाली असेल तर सध्या मॅपचं प्रोफाइल नीट करून घ्या, ते मी एकदाच बसून करून देते. टीव्ही आणि रेडिओचा अनुभव नाही. भेटायचं तर इंदिरानगरला, शनिवारी सकाळी.