मैफिलीच्या सुरुवातीचं निवेदन

मंडळी नमस्कार, गुड इव्हनिंग एव्हरीवन! मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या हो, खुर्च्या आहेत अजून. येस, यू टू सर, प्लीज कम, फ्रंट रो इज एम्प्टी.

आज जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं, आणि या घराण्याचं नाव निघालं की आपल्या गोव्याच्या दोघी आठवणारच, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. केसरबाईज भैरवी वेंट अप विथ द व्हॉयेजर स्पेसक्राफ्ट इन 1977, सो शी हॅज ट्रॅव्हल्ड फार्दर दॅन एनी ऑफ अस! आणि मोगूबाईंचं कुर्डी गेलं साळावली धरणाच्या पाण्यात, पण मे महिन्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा वर येतात, लोक जातात बघायला. व्हिजिटर्स, डू गो इन मे, मच बेटर दॅन वन मोअर बीच.

इफ यू आर न्यू टू धिस, द फर्स्ट पीस इज स्लो, गिव्ह इट टाइम. जाणकारांनी दाद मोठ्याने द्या, म्हणजे नव्यांनाही कळेल कुठे द्यायची. मोबाईल सायलेंट, फोन्स ऑफ प्लीज. चहा मध्यंतरात, टी ॲट द इंटरव्हल.

तानपुरे लागलेत, शॅल वी बिगिन?