विषय: ड्रोन प्रोसेसिंगसाठी वर्कस्टेशन – दोन कोटेशनची तुलना आणि शिफारस

नमस्कार वैशाली मॅडम,

प्रोसेसिंगच्या मशीनसाठी मागवलेली दोन्ही कोटेशन सोबत जोडली आहेत. माझी शिफारस महागड्या मशीनची, म्हणजे ब्रँडेड वर्कस्टेशनची आहे. फरक १,७५,००० रुपयांचा पडतो, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

उमरेडकडच्या खाणीच्या एका फेरीत साधारण २,४०० फोटो येतात. जुन्या मशीनवर मेटाशेपमध्ये ते चालवायला ३१ तास लागतात. रॅम ३२ जीबीच असल्याने खाणीचे चार तुकडे करावे लागतात, आणि सांध्यावर उंचीत फरक दिसला की ते पुन्हा जुळवत बसावं लागतं. कोळशाच्या साठ्याचं घनफळ याच उंचीवरून निघतं, त्यामुळे तिथे डोळेझाक करता येत नाही.

पर्याय अ, ब्रँडेड: १२ कोअरचा झिऑन, १२८ जीबी ईसीसी रॅम, २० जीबीचं आरटीएक्स ४००० एडा कार्ड. किंमत ४,६०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५,४२,८००.

पर्याय ब, सीताबर्डीतल्या डीलरचं असेंबल्ड: १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स, १२८ जीबी साधी रॅम, १६ जीबीचं ४०७० टीआय सुपर कार्ड. किंमत २,८५,००० रुपये, जीएसटीसह ३,३६,३००. जीएसटीचं इनपुट क्रेडिट आपल्याला मिळतं, म्हणून तुलना मूळ किमतीवरच केली आहे.

वेगात ब सरस आहे, हे आधीच सांगतो. दोन्हीकडे मी मार्च महिन्याचा आपलाच डेटा नेऊन, तुकडे न करता, चालवून पाहिला. ब ला ९ तास ४० मिनिटं लागली, अ ला साडेअकरा तास. पण आपण काम संध्याकाळी सहाला लावून घरी जातो. ब पहाटे ३:४० ला मोकळं होईल, अ साडेपाचला. निकाल दोन्ही वेळा सकाळी दहालाच उघडला जाणार. ३१ तासांवरून एका रात्रीत येणं ही खरी कमाई आहे, आणि ती दोन्ही मशीनमध्ये मिळते. पुढच्या दोन तासांचा आपल्याला उपयोग नाही.

उपयोग आहे तो मशीन बंद न पडण्याचा. गेल्या मे महिन्यात एसएमपीएस उडाला आणि जाताना ग्राफिक कार्डही घेऊन गेला. वॉरंटी होती, पण कॅरी-इन. कार्ड शहराबाहेर पाठवलं गेलं आणि परत यायला कामाचे नऊ दिवस गेले. बाहेरून प्रोसेसिंग करून घ्यायला ६२,००० रुपये लागले, रिपोर्ट आठवडाभर उशिरा गेला आणि त्या महिन्याचं बिलही अडकलं. ब ची वॉरंटी याच प्रकारची आहे: प्रोसेसर आणि कार्डाला ३ वर्षं, एसएसडीला ५ वर्षं, पण प्रत्येक पार्टची कंपनी वेगळी. दोष नेमका कुठे आहे हे शोधायचं काम आपलंच. अ ला पूर्ण मशीनवर ३ वर्षांची ऑनसाइट वॉरंटी आहे. तक्रारीनंतर पुढच्या कामाच्या दिवशी इंजिनिअर येईल, आणि ही सेवा नागपूर शहरात लागू आहे, हे डीलरकडून लेखी घेतलं आहे. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरलेल्या नाहीत. १,७५,००० रुपये ३६ महिन्यांवर पसरले तर महिन्याला साधारण ४,९०० होतात. गेल्या मेसारखी एक खेप टळली तरी त्यातले ६२,००० वसूल होतात, अडकलेलं बिल वेगळं.

उन्हाळ्याचाही विचार केला आहे. पारा ४५ च्या वर असताना मशीन रात्रभर पूर्ण ताकदीने चालणार. प्रोसेसर दोन्हींचे तापणारेच आहेत, पण कार्डाचा फरक मोठा आहे: अ मधलं १३० वॅटचं, ब मधलं २८५ वॅटचं. कूलरच्या दमट हवेत मशीन ठेवायचं नाही, एसीच्या खोलीतच ठेवू.

विजेच्या झटक्याने झालेलं नुकसान दोन्हींच्या वॉरंटीत बसत नाही आणि आताचा १ केव्हीएचा यूपीएस पुरणार नाही. त्यामुळे पर्याय कोणताही घेतला तरी २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, अंदाजे ३५,००० रुपये, वेगळा धरावा लागेल.

बजेट अजिबात ताणता येत नसेल तर ब घेऊन एक एसएमपीएस आणि एक साधं ग्राफिक कार्ड सुटं ठेवू. त्याचे सुमारे ४०,००० धरले तर फरक १,३५,००० वर येतो. काम थांबणार नाही, पण मंदावेल, आणि मशीन उघडून बसायला माझा किंवा प्रणयचा दिवस जाईल. मला हा मार्ग दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो.

कोटेशनची मुदत या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आहे आणि पीओनंतर मशीन यायला १२ ते १५ दिवस लागतील. गुरुवारपर्यंत मंजुरी मिळाली तर पुढच्या फेरीचा डेटा नव्या मशीनवरच घेता येईल. चाचणीचे दोन्ही लॉग आणि वॉरंटीचं लेखी पत्र शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलं आहे. उद्या अकरानंतर मी ऑफिसमध्येच आहे, काही विचारायचं असेल तर येऊन बोलतो.

आपला,
स्वप्नील
डेटा प्रोसेसिंग विभाग, नागपूर