सारा, दुष्काळ आणि शेतकऱ्यांचे उठाव: दख्खनच्या अनुभवावरून एक कारणमीमांसा

दुष्काळ पडला, लोकांची उपासमार झाली आणि म्हणून शेतकऱ्यांनी बंड केले, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास केली जाते. दख्खनच्या बाबतीत तारखा लावून पाहिल्या, तर ही मांडणी टिकत नाही. भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांच्या दुकानांवर शेतकरी चालून गेले ते १२ मे १८७५ रोजी. ज्या महादुष्काळाने पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि कलादगी हे जिल्हे होरपळून काढले, तो त्यानंतर, १८७६ च्या पावसाने दगा दिल्यावर सुरू झाला. म्हणजे उठाव आधी झाला आणि दुष्काळ नंतर आला. उलट, दुष्काळात सरकारने काढलेल्या खडी फोडण्याच्या कामांवर माणसे मरत होती त्या काळात शेतकऱ्यांचा १८७५ सारखा उठाव झालाच नाही. म्हणून दुष्काळ आणि उठाव यांच्यामध्ये असलेली कडी शोधावी लागते, आणि माझ्या मते ती कडी सारावसुलीच्या पद्धतीत आहे. आकारणी किती होती यापेक्षाही, पीक बुडाले तरी ती बदलत नव्हती आणि ती रोखीनेच द्यावी लागत होती, या दोन गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

पूर्व पुणे आणि नगरचा भाग पर्जन्यछायेत येतो. येथे चार-पाच वर्षांतून एखादे तरी साल हलके जाणार, हे शेतकऱ्याने आणि राज्यकर्त्यानेही गृहीतच धरलेले होते. पेशवाईतील महसूल व्यवस्थेत त्यासाठी काही सोयी होत्या. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल देऊन इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा सारा ठरवला जाई. बैलबियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज मिळे, आणि साल बुडाले की पाटील गावाच्या वतीने कमाविसदाराशी, म्हणजे वसुली पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याशी बोलून सूट मागत असे. ही व्यवस्था दयाळू होती असे म्हणण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते लिलावाने दिले गेले आणि मक्तेदारांनी रयतेला पिळून काढले, हेही तितकेच खरे आहे. तरीसुद्धा मागणीला वाटाघाटीची जागा होती आणि ती मागणी एकट्या माणसावर न पडता गावावर पडत होती, हा फरक पुढील घटना समजण्यासाठी लक्षात ठेवला पाहिजे.

१८१८ नंतर कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात रयतवारी, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत आणली. कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांच्या पहिल्या मोजणीत निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा सरकारचा धरण्यात आला. हा हिशेब कागदावर काटेकोर दिसत असला तरी जमिनीची प्रत आणि उत्पन्न यांचे अंदाज चुकले होते, आणि त्यातच १८३२-३४ चा दुष्काळ आला. इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली आणि कुळे गावे सोडून गेली. यातून शहाणपण घेऊन गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात नवी मोजणी केली, दर उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी कायम केले. लागवड वाढली, लोक परतले. परंतु या सुधारणेतच पुढील संकटाचे बीज होते. आता प्रत्येक खातेदार एकटा सरकारला बांधलेला होता, रक्कम ठरलेली होती, आणि ती रुपयांतच भरायची होती. विंगेट यांचा दर चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरून बसवलेला होता. चांगल्या सालात शिल्लक टाकून वाईट सालाचा सारा त्यातून भरावा, अशी अपेक्षा त्यामागे होती. ज्याच्या कणगीत पुढच्या सुगीपर्यंत पुरेल इतकी बाजरीही नसते, त्याने शिल्लक टाकायची कशातून, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. शेतकऱ्याकडे शिल्लक नव्हती, सावकाराचे दार होते, आणि वाईट सालाचा सारा तेथूनच भरला जाऊ लागला.

दुष्काळ आणि सारा यांची गाठ पडते ती येथे. पाऊस न पडल्याने धान्य कमी होते; ही आपत्ती त्या वर्षापुरती असते आणि पुढचे साल बरे गेले तर माणूस सावरतो. पण त्याच वर्षी ठरलेला सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले की एका वर्षाची तूट कायमच्या देण्यात बदलते. हे देणे कसे फुगत असे, ते दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणावरून दिसते: १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज आकारले गेले होते. रयतेच्या संरक्षणासाठी केलेला १८५९ चा मुदतीचा कायदाही उलटाच फिरला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. अक्षरओळख नसलेला शेतकरी त्यावर अंगठा उठवीत असे, आणि पावती मात्र त्याच्या हाती येत नसे. दिवाणी न्यायालये कागद पाहत होती आणि कागद सावकाराच्या घरी होता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि ही साखळी काही काळ ढिली झाल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात ती लांबली होती, कारण भाव चढे असताना सावकारांनी हात सैल सोडला आणि शेतकऱ्यांच्या नावावरची कर्जे वाढली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूरच्या ३० वर्षांच्या कराराची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली. तेजीच्या वर्षांतील भाव डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या आकारणीत अनेक गावांचा सारा ५० टक्क्यांपासून दुपटीपर्यंत वाढला. उत्पन्न घटत असताना मागणी वाढली आणि मंदी ओळखून सावकारांनी नवे कर्ज देणे बंद केले. माझ्या मते उठावाचे निकटचे कारण हे शेवटचे आहे. सावकार पिळत होता तोवर शेतकऱ्याने सोसले. सरकारचा हप्ता कायम असताना सावकाराने हात आखडता घेतल्यावर मात्र त्याच्यापुढे कोणतीच वाट उरली नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावरून तेथील देशमुखाचे घर उतरवायला घेतले, तेव्हा गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्काराचे लोण गावोगावी पसरले. मे महिन्यात सुप्याला बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी दुकाने फोडली आणि काही घरे जाळली. पण त्यांचा रोख वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. जेथे सावकाराने कागद निमूटपणे बाहेर काढून दिले, तेथे बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील ३० हून अधिक गावांत हे लोण पोचले आणि ९५१ लोकांना अटक झाली. लूट हा मुख्य हेतू असता तर केवळ धान्य आणि कापड नेले गेले असते, वह्या राहिल्या असत्या. ज्या कागदाने एका सालाची तूट पिढीजात केली होती, तोच कागद नेमका निवडून जाळला गेला, यातून कारणांविषयीची शेतकऱ्यांची समज किती स्पष्ट होती, हे दिसते.

आयोगाने मात्र साऱ्याला दोषमुक्त केले आणि सगळा ठपका सावकारांवर ठेवला. हा निष्कर्ष मला मान्य नाही. आयोगाने विचारलेला प्रश्नच अपुरा होता: वाढीव सारा हा रागाचा विषय होता काय? रागाचा विषय सावकार होता, यात शंका नाही. पण शेतकऱ्याला सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे पाठवणारी सक्ती कोणती होती, याचे उत्तर या प्रश्नातून मिळत नव्हते. सरकारलाही ते आतून ठाऊक असावे, कारण ऑक्टोबर १८७४ मध्येच मुंबई सरकारने फेरआकारणीची वाढ तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के यांच्यापुढे जाऊ नये, असे बंधन घातले होते.

हीच यंत्रणा अन्यत्रही ओळखू येते. चीनमध्ये मिंग राजवटीच्या अखेरीस ईशान्येकडील युद्धासाठी १६१८ पासून जमिनीवर जादा कर बसवला गेला, तोही चांदीत भरायचा होता. १६२८ च्या सुमारास शेन्सी प्रांतात अवर्षण पडले तरी वसुली थांबली नाही. तेथून उठलेल्या टोळ्यांपैकी एकीचा नायक ली त्झुचंग याने करमाफीचे आश्वासन देत १६४४ मध्ये पेकिंग घेतले.

दख्खनच्या महादुष्काळात आणि त्यानंतर काय झाले, ते थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण त्यावरून दुष्काळाच्या वाट्याला किती कारणत्व येते, हे ठरते. १८७७ मध्ये दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, इतकी खाली आणली. तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सशस्त्र उठाव झाला तो दुष्काळ ओसरल्यावर, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या नेतृत्वाखाली, आणि त्यात पुढे होते ते रामोशी. भुकेलेला माणूस लढत नाही, तो चालू लागतो किंवा मरतो. सावरू लागलेल्याच्या दारी थकलेला सारा आणि जुना रोखा एकदम येतात, तेव्हा तो उठतो.

त्याच १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि न्यायालयांना रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. कायद्याचा हात सावकारापर्यंत पोचला. साऱ्याच्या हप्त्याला त्याने स्पर्श केला नाही. तो प्रश्न पुढे गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९१८ साली उभा राहिला. पीक चार आण्यांच्या, म्हणजे पूर्ण पिकाच्या एक चतुर्थांशाच्या खाली आले तर त्या वर्षीची वसुली तहकूब करावी, हा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत होते की आणेवारी चार आण्यांखाली आहे, महसूल अधिकारी ती वर दाखवीत होते, आणि संपूर्ण सत्याग्रहाचा वाद या एका आकड्यावर येऊन ठेपला होता. अखेर ज्यांना शक्य आहे त्यांनी सारा भरावा आणि गरिबांची वसुली तहकूब ठेवावी, असा आदेश निघाला.